एकाच रोग्याची माणसे

शहापूरच्या दवाखान्यासमोरच्या बोळात गुणाबाईंचं घर होतं. नवरा कोर्टात बेलिफ होता, तो वारला. मूलबाळ नव्हतं. घराची मागची खोली आणि पडवी रिकामीच पडलेली असायची. दवाखान्यात खाटा होत्या, औषध होतं, पण सकाळच्या कपभर दुधापलीकडे रोग्याला खायला मिळत नसे. जेवण नातलगांनी आणायचं. मुरबाडकडून, किन्हवलीकडून, डोळखांबकडून आलेली माणसं दवाखान्याच्या कुंपणाबाहेर तीन दगड मांडून भात शिजवायची आणि झाडाखाली झोपायची. एका पावसाळ्यात एक म्हातारी अशी कुंपणाशी भिजत बसलेली गुणाबाईंनी पाहिली, तिला पडवीत आणलं, आणि त्यातूनच पुढे खोली भाड्याने द्यायचं सुरू झालं. कोर्टातल्या एका कारकुनाकडून त्यांनी पत्र्यावर पाटी रंगवून घेतली आणि ओटीच्या खांबाला ठोकली.

‘दवाखान्यातील रोग्यांच्या नातलगांस राहण्यास जागा. मागील खोली व पडवी, दार स्वतंत्र. विहीर आवारात. भाडे आठवड्यास बारा आणे, आगाऊ. महिन्यापुढे राहिल्यास दहा आणे. आठवडा मध्येच सोडल्यास पैसे परत नाहीत. एका वेळी एकाच रोग्याची माणसे, दोन. तान्हे मूल मोजणार नाही. चूल एकच आहे, दुसरी मांडू नये. सरपण आपले आणावे. मांस-मासळी आत आणू नये, शिजवू नये. दिवेलागणीनंतर जाळ नको, शेजारी गवताची गंजी आहे.’

येणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचता येत नसे. म्हणून गुणाबाई प्रत्येकाला पाटीसमोर उभं करून ती मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि शेवटी विचारायच्या, “कळलं ना? मागाहून म्हणायचं नाही, बाई, आम्हाला ठाऊक नव्हतं.”

अडतीस सालच्या माघात ही पाटी त्यांनी रंगूला वाचून दाखवली.

रंगू सिद्धगडाच्या पायथ्याकडची. तिचा नवरा लडकू राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला लागणाऱ्या ऐनाच्या फांद्या तोडायला झाडावर चढला होता. पायाखालची फांदी मोडली आणि तो खालच्या खडकावर आदळला. मांडीचं हाड मोडलं. गावच्या माणसांनी डोलीत घालून त्याला मुरबाडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पाय फळीला बांधला आणि सांगितलं, याला शहापूरला न्या, तिथे पाय वजनाने ताणून ठेवायची सोय आहे. लडकूचा चुलतभाऊ कमळू बैलगाडी घेऊन निघाला. गाडीत पेंढ्यावर लडकू, आणि कडेला आठ-नऊ महिन्यांची भिमी मांडीवर घेतलेली रंगू.

शहापूरच्या डॉक्टरांनी लडकूला खाटेवर निजवलं, पायाला वरपासून खालपर्यंत चिकटपट्ट्या लावल्या, पाय लोखंडी चौकटीत ठेवला. पट्ट्यांना बांधलेली दोरी खाटेच्या टोकाच्या कप्पीवरून खाली सोडली आणि तिला वजन लटकवलं. खाटेचे पायथ्याकडचे खूर विटांवर चढवले. “आता हा असाच पडून राहणार,” डॉक्टर कमळूला म्हणाले. “कुशीवर वळायचं नाही, उठून बसायचं नाही. दोन महिने तरी धरा. मग कुबड्या. पावसाच्या आधी घरी न्याल.”

कमळूने पहिल्या आठवड्याचे बारा आणे गुणाबाईंच्या हातावर ठेवले, गाडीतलं तांदळाचं गाठोडं खोलीत ठेवलं आणि तो परत गेला. दर आठवड्याला भाडं आणि शिधा घेऊन येतो म्हणाला.

पहिला आठवडा रंगूने कसाबसा काढला. पहाटे विहिरीचं पाणी, मग सरपण गोळा करायचं, मग चूल. भिमी पाठीला बांधलेली. भाकर आणि वरण घेऊन ती दवाखान्यात जायची, तर दारातली नर्स तिला अडवायची. वॉर्डात तान्हं मूल न्यायचं नाही, आणि एका रोग्याजवळ एका वेळी एकच माणूस. रंगू भिमीला ओसरीवर एखाद्या अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवायची आणि आत धावायची. बाहेर पोर रडायची, आत लडकू ओरडायचा, की भाकर गार झाली, पाणी कोण देणार, भांडं कोण काढणार.

दुसऱ्या खेपेला कमळू आला तेव्हा गाडीतून त्याच्याबरोबर बाईजा उतरली.

बाईजा लडकूची पहिली बायको. तिला मूल झालं नाही म्हणून लडकूने रंगूला आणलं, त्याला आता सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून बाईजा घराच्या मागे वाडीच्या टोकाला एका खोपटात राहायची. तिचं जेवण तिथे वेगळं शिजायचं. शेतात मात्र ती सगळ्यांबरोबर राबायची. रंगूशी ती बोलत नसे आणि रंगूही तिच्याशी बोलत नसे. एखादा निरोप असला तर सासू धोंडीबाई मध्ये असायची. या वेळी धोंडीबाईनेच तिला गाडीत बसवलं होतं. “जा गो बाय. ती एकटी काय करंल पोर घेऊन? पुढच्या गाडीला परत ये.”

गुणाबाईंनी तिलाही पाटीसमोर उभं केलं आणि वाचून दाखवलं. बाईजाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी पडवीत माझं तीन दगड मांडते. माझं काय लागणार, मूठभर.”

“चूल एकच,” गुणाबाई म्हणाल्या. “पलीकडे गंजी आहे. एक ठिणगी उडाली तर सगळा बोळ जळेल. आणि दोघी एकाच रोग्याच्या ना? मग दोन चुली कशाला?”

बाईजाने गाठोडं पडवीत टेकवलं. खोलीच्या आत रंगू दाराकडे पाठ करून भिमीला पाजत बसली होती. तिने मान वळवली नाही.

मग त्यांचं ठरलं, किंवा ठरवल्याशिवायच तसं होत गेलं. सकाळी बाईजा चूल पेटवायची, भाकरी भाजायची, लडकूचं जेवण घेऊन जायची. तेवढ्या वेळात भिमी रंगूकडे. दुपार कलली की रंगू चुलीपुढे बसायची आणि संध्याकाळचं जेवण ती न्यायची, तेव्हा भिमी बाईजाकडे. एक आत गेली की दुसरी घरी. पोरीमुळे आणि वॉर्डाच्या नियमामुळे दोघी एकदम त्याच्या खाटेजवळ कधी गेल्याच नाहीत. रात्री रंगू खोलीत भिंतीशी निजायची आणि बाईजा पडवीत. मधलं दार उघडं असायचं, कारण लावलं तर खोलीत गुदमरायचं. दोघींना एकमेकींचा श्वास ऐकू यायचा आणि दोघी झोपल्याचं सोंग करायच्या.

पुढची गाडी आली तशी परत गेली. बाईजा गेली नाही. गुणाबाईंना वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

खरं कारण वेगळं होतं. चौथ्या की पाचव्या सकाळी बाईजा लडकूला भरवत होती. निजूनच खायचं म्हणून घास बारीक करून द्यावा लागे. तो तोंडातला घास गिळून म्हणाला, “तुझ्या हाताची भाकर बरी. तिची नुसती करपते.”

बाईजाने पुढचा घास कुस्करला.

“मी पडल्या पडल्या लय विचार केला,” तो म्हणाला. “तुझ्यावर अन्याय झाला. तिनं काय दिलं मला? एक पोरगी. पाय बरा झाला की तिला माहेरी धाडून देईन. तू घरात ये. आईपण आता थकली. पण तवर तू इथून हलायचं नाय. तू गेलीस तर ती मला काय काय पढवंल, सांगता येत नाय.”

सहा वर्षांत तो तिच्याशी एवढं कधी बोलला नव्हता. बाईजा ताटली घेऊन परत येताना विहिरीपाशी थांबली आणि उगाच तोंड धुतलं. तिला आनंद झाला नव्हता. पण एखादं दार किलकिलं झालं की माणूस तिथून हलत नाही, तसं तिचं झालं. आता जावं तर घर जाईल, राहावं तर या एवढ्याशा जागेत, या बाईच्या अंगाला अंग लावून राहावं लागेल. ती राहिली. रंगूकडे पाहणं मात्र तिला आधीपेक्षा जड झालं. तिची पोर मांडीवर घेताना तिच्या मनात यायचं, हिला माहीत नाही, आणि मला माहीत आहे.

दिवस तापू लागले. पडवीचा पत्रा दुपारी हात लावू देत नसे. गवताच्या गंजीवरून येणारा गरम वास खोलीत भरून राहायचा. रंगू वाळत चालली होती. भिमीला पुरेसं दूध येत नव्हतं, पोर रात्री किरकिरायची. बाईजा नाचणीची आंबील करून कोपऱ्यात ठेवून द्यायची आणि आपण बाहेर जायची. थोड्या वेळाने येऊन बघितलं की भांडं रिकामं असायचं.

एकदा संध्याकाळी बाईजा सरपण घेऊन बोळात शिरली आणि तिला लांबूनच वास आला. भाजलेल्या सुकटीचा, वाळल्या मासळीचा. ती धावतच पडवीत आली. रंगू चुलीपुढे बसून तव्यावर सुकट परतत होती. शिध्याच्या गाठोड्यात धोंडीबाईने ती कुठे दडवून पाठवली होती, ते बाईजालाही ठाऊक नव्हतं.

“अगो काय करतंस?” सहा वर्षांत बाईजा तिच्याशी थेट बोलली ती ही पहिली वेळ.

रंगूने तवा उतरवायच्या आत गुणाबाई मागच्या दारात उभ्या होत्या. नाकाला पदर लावलेला.

“कोणी केलं हे?”

तवा रंगूच्या हातात होता, तरी त्यांनी विचारलं. रंगू म्हणाली, “मी.”

“मी वाचून दाखवलं होतं की नाही?”

“दाखवलं व्हतं.”

गुणाबाईंचा आवाज चढला नाही. “माझ्या देवांची खोली या भिंतीपलीकडे आहे. तुम्ही काय खाता त्याच्याशी मला कर्तव्य नाही, पण इथे नाही. तुमच्यातली एक उद्या गेली पाहिजे. नाहीतर हा आठवडा संपला की दोघींनी जागा सोडा. दुसरी माणसं वाट बघताहेत. आणि आज ही चूल बंद. उद्या सारवून घ्या, मग पेटवा.” मग दारातून आत जाता जाता त्या थांबल्या. “त्याच्यापुरता भात मी देते. तो उपाशी राहायला नको.”

बाईजाला वाटलं, झालं. हे आपोआप झालं. रंगू उद्या जाईल आणि आपण राहू. तिने काहीच करायची गरज नव्हती. तिने सरपण खाली ठेवलं, सुकट फडक्यात बांधून बोळाबाहेर टाकून आली. परत आली तर रंगू तशीच थंड चुलीपुढे बसली होती. भिमी जमिनीवर रांगत राखेत हात घालत होती. बाईजाने तिला उचललं, हात पुसले.

“तुला ठाऊक व्हतं ना?” बाईजा म्हणाली. “मग कशापायी केलंस?”

“तू करतंस म्हणून.”

“मी?”

“ते सांगत व्हते. बाईजा चोरून सुकट भाजून आणते मला, तुला येवढंपण जमत नाय. म्हणून मी.” “म्हणले, जिला माझी काळजी, तीच माझ्या घरात राहील.”

“मी कदी सुकट नेली नाय,” बाईजा म्हणाली. “माझ्यापाशी सुकट हायच कुठं?”

रंगूने तिच्याकडे पाहिलं. खरं बोलते की काय, ते बघत राहिली.

“आनखी काय बोलले ते?” बाईजाने विचारलं.

“कशाला सांगू?”

“सांग.”

रंगूने चुलीतली राख काडीने सारखी केली. मग चुलीकडे बघत म्हणाली, “पाय बरा झाला की तुझं खोपट मोडायचं. तिथं गोठा घालायचा. तुला भावाच्या गावी, वैशाखऱ्याला धाडायची. तवर तुझ्याकडून काम करून घ्यायचं, तू गोड बोल तिच्याशी, असं म्हणले. मला नाय जमलं गोड बोलाया.”

बाईजा खाली बसली. भिमी तिच्या मांडीवर होती. लडकूने आपल्याला काय सांगितलं होतं तेही तिने सांगून टाकलं, माहेरी धाडण्याचं आणि घरात येण्याचं, एक शब्द न गाळता. सांगताना तिला लाज वाटली, कारण ते ऐकून आपण थांबलो होतो हेही त्यातून कळत होतं. रंगूने ऐकलं. ती रागावली नाही. “माहेरी कोण हाय माझं,” एवढंच म्हणाली. “बाप मेला. आई भावाच्या दारात.”

एवढ्यात गुणाबाईंनी भिंतीपलीकडून ताटली आणून उंबऱ्यावर ठेवली. भात, वरण, लिंबाची फोड. त्या निघून गेल्या. वॉर्डाचं दार दिवेलागणीला बंद होई. आता कोणीतरी उठून जायला हवं होतं. आज पाळी रंगूची होती. रंगू उठली नाही. बाईजाही उठली नाही. भातावरची वाफ गेली. ओसरीवरून दवाखान्यातल्या माणसांची जा-ये ऐकू येत होती, आणि दोघी ताटलीकडे बघत बसल्या होत्या. रंगूच्या मनात काय होतं ते बाईजाला कळत होतं, कारण तिच्याही मनात तेच होतं. तो तिकडे पाय टांगून पडला होता. त्याला उठता येत नव्हतं, वळताही येत नव्हतं. कोणी गेलंच नाही तर तो काय करणार होता?

शेवटी बाईजाच उठली. “मानूस भुकेला ठेवता येत नाय,” ती म्हणाली. “पण मी काय बोलायची नाय. तूपण बोलू नको.”

“मी तर उद्या जानार,” रंगू म्हणाली.

“तू कुठं जानार नायस.”

दवाखान्यातून परत आल्यावर बाईजा गुणाबाईंच्या पुढच्या दाराशी गेली. तिथे ती याआधी कधी गेली नव्हती. “बाई, तिची पोर अंगावर पिती,” ती म्हणाली. “गाडी आता थेट पुढच्या आठवड्याला. मधे तिनं एकटीनं कुठं जायचं? चूल मी सारवते. पुन्यांदा असं झालं तर आमी दोघी त्याच दिवशी जातो.”

“सवत ना तुझी ती?” गुणाबाईंनी विचारलं. त्यांनी ते केव्हाच ओळखलं होतं.

“व्हय.”

“आठवड्यापुरतं बघते,” त्या म्हणाल्या. “पुढचं पुढे.” तो आठवडा गेला आणि पुढचं भाडंही त्यांनी मुकाट्याने घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून लडकूच्या खाटेजवळ कोणी बोललं नाही. सकाळी बाईजा यायची, घास भरवायची, तोंड पुसायची, पाठीखालचं फडकं सरळ करायची आणि जायची. संध्याकाळी रंगू तसंच करायची. आधी लडकूला वाटलं, बायकांची काहीतरी कुरबुर असेल. त्याने बाईजाला विचारलं, “ती काय बोलली का तुला?” उत्तर नाही. संध्याकाळी रंगूला विचारलं, “बाईजानं काय कागाळी केली?” उत्तर नाही. तो शिव्या देऊ लागला, तेव्हा नर्सने त्याला गप्प केलं. मग तो विनवू लागला. दिवसभर त्याला बघायला छत होतं, कप्पीवरून लोंबणारी दोरी होती आणि शेजारच्या खाटेवरचा खोकणारा म्हातारा होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईजा ताटली उचलून निघाली तर त्याने तिच्या लुगड्याचं टोक धरलं. “बाय, कायतरी बोल. मला भ्या वाटतं. तुमी दोघी निघून गेल्यात तर मी काय करू?”

तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. तिने टोक सोडवून घेतलं. “कमळूभावोजी येतील तेव्हा बोलू,” ती म्हणाली.

कमळू आला तेव्हा बाईजाने सगळं त्याला सांगितलं. तो साधा माणूस, भांडणापासून लांब राहणारा. “मला कशाला मधे घेता?” म्हणाला. पण ती उभीच राहिली. शेवटी त्याने नर्सला विनंती केली, गाडी लांबून आली आहे, घरचं महत्त्वाचं बोलायचं आहे, थोडा वेळ सगळ्यांना आत सोडा. गुणाबाईंनी भिमीला घेतलं. अशा रीतीने दोघी पहिल्यांदा एकदम लडकूच्या खाटेपाशी उभ्या राहिल्या, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला.

लडकूने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

“मला काय म्हणलात ते तिला ठाऊक हाय,” बाईजा म्हणाली. “तिला काय म्हणलात ते मला. आता भावोजींपुढं सांगा, कोन कुठं राहनार.”

त्याने हसून टाळायचा प्रयत्न केला. “पडल्या मानसाच्या बोलन्याला काय धरायचं?”

“तेच विचारते,” बाईजा म्हणाली.

शेजारचा म्हातारा खोकायचा थांबून ऐकत होता. लडकूने डोळे मिटले आणि म्हणाला, “खोपट तुझं. कोन मोडत नाय. रंगी घरात राहील. पुरे?”

“भावोजी, ऐकलंत?” रंगूने विचारलं.

“ऐकलं,” कमळू जमिनीकडे बघत म्हणाला.

त्यानंतर त्या पुन्हा बोलू लागल्या, कामापुरतं. खोलीत मात्र फरक पडला. रंगू सकाळचं पाणी भरायची, बाईजा भिमीला अंघोळ घालायची. एकदा बाईजाने रंगूचे केस विंचरून दिले, कारण त्यात गुंता फार झाला होता. त्या हसत नव्हत्या. त्यांना बोलण्यासारखं फारसं नव्हतंही, आणि खोली तेवढीच होती, पत्रा तेवढाच तापत होता. बाईजाला रात्री कधी वाटायचं, इथून उठावं आणि मुंबईच्या सडकेने चालत सुटावं. मग वाटायचं, सडक जाते तरी कुठे आणि तिथे तिला कोण ओळखतं? ती कूस बदलायची.

वैशाख निम्मा गेला तेव्हा डॉक्टरांनी वजन काढलं. लडकूचा पाय काठीसारखा बारीक झाला होता आणि दुसऱ्यापेक्षा आखूड. तो कुबड्यांवर वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन आला, घामाने भिजला आणि रडला. “चालशील,” डॉक्टर म्हणाले. “पण झाडावर चढणं विसर. जड कामही नाही.”

गुणाबाईंनी खोली तपासून घेतली, निरोपाला भिमीच्या हातात गुळाचा खडा दिला आणि संध्याकाळच्या आत डोळखांबकडच्या दुसऱ्या माणसांना पाटी वाचून दाखवली.

गाडी मुरबाडच्या वाटेला लागली. लडकू मागे टेकून बसला होता. मोकळी हवा लागली तसा त्याला जोर आला. वाटेतल्या ओळखीच्या माणसांना हाका मारून तो पाय दाखवत होता. मुरबाड जवळ आलं तेव्हा बाहेर बघतच तो म्हणाला, “बाईजे, घरी गेलो की खोपटातलं सामान काढ. पावसाच्या आधी गोठा झाला पायजे. तुला चार दिस भावाकडं सोडतो.”

कमळू बैलांकडे बघत होता.

“भावोजी,” रंगू म्हणाली, “तुमच्यापुढं काय बोलनं झालं व्हतं?”

कमळूने कासरा आवळून धरला. “बोलला तो. खोटं कसं सांगू? पन जागा त्याची हाय, वैनी. मी काय करनार?”

बाईजाला वाटलं होतं तसंच झालं होतं. तिला धक्का बसला नाही. इतक्या दिवसांनी शब्द मिळवला, तो एवढाच टिकला. ती गाडीच्या दांडीला धरून बसून राहिली. आता उतरून जावं तरी बसायचं ते भावाच्या ओसरीवरच.

मग रंगू बोलली. “बाय वैशाखऱ्याला गेली तर मी पोर घेऊन तिच्या मागं जाईन. तिच्या भावानं घेतलं नाय तर दोघी मजुरी करू. औंदा आवनीला चिखलात कोन उतरंल ते तुमी बघा. तुमच्या आईला डोळ्यानं दिसत नाय, आणि तुमाला उभं राहता येत नाय.”

लडकूने हात उचलला. बसल्या जागेवरून तो तिच्यापर्यंत पोचला नाही. कमळूने गाडी थांबवली आणि वळून म्हणाला, “लडक्या, मारशील तर मी तुला इथंच उतरवीन.” त्याने आयुष्यात कोणाला असं दटावलं नसेल. त्याचेच कान लाल झाले. गाडी पुन्हा चालू लागली. घर येईपर्यंत लडकू एक शब्द बोलला नाही.

खोपट राहिलं. त्याने मोठेपणाने ते दिलं असं नव्हे. पाऊस आला आणि चिखलात उतरणाऱ्या दोघींशिवाय शेत होणार नव्हतं, एवढंच. भाताच्या रोपांची आवणी दोघींनी केली, कापणीही. लडकू ओटीवर बसून तिथूनच कामं सांगायचा, चुका काढायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा की दोन बायका सांभाळायच्या तर माणसाला धाक ठेवावा लागतो. संध्याकाळी कधी तो एकीला जवळ बोलावून दुसरीबद्दल काही सांगायचा. ती ऐकून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर बसून दोघी एकमेकींना ते सांगायच्या. त्याच्या सांगण्याने त्यांच्यात काही बदललं नाही. तोही बदलला नाही.

दिवाळीनंतर बाईजाचा भाऊ मंगळू तिला न्यायला आला. त्याला गाडीतलं सगळं कमळूकडून कळलं होतं. “चल तू,” तो म्हणाला. “आमच्याकडं राहा. इथं काय हाय तुझं?”

बाईजा खळ्यावर भात झोडत होती. तिने हातातली पेंढी खाली ठेवली आणि विचार केला. भावाचं घर तिला दिसलं. भावजय दिसली, तिची चार पोरं दिसली, आणि ओसरीवर वळकटी टाकलेली आपली जागाही दिसली. पलीकडे रंगू सूप घेऊन वारवत होती. ती ऐकत होती, पण तिने हात थांबवला नव्हता. तिला पुन्हा दिवस गेले होते.

“तिचं बाळंतपन फाल्गुनात,” बाईजा म्हणाली. “ते झालं की बघू.”

“आणि मग?”

“मग पुढचं भात पेरायचं असतंय, दादा.”

मंगळू थोडा वेळ थांबला, पाणी प्यायला, ओटीवरच्या लडकूला रामराम केला आणि आला तसा एकटाच परत गेला. बाईजाने पेंढी उचलली.